रेषीय असमानतेचा आलेख: छायांकन चुकीच्या बाजूला जाते किंवा सीमारेषा सलग-तुटक चुकते, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

दोन चलांतील रेषीय असमानतेचे आलेख तपासताना असे दिसते की रेषा बहुतेक वेळा बरोबर काढलेली असते आणि चूक त्यानंतरच्या दोन निर्णयांत असते: रेषेच्या कोणत्या बाजूला छायांकन करायचे आणि रेषा सलग काढायची की तुटक. या दोन्ही चुका परत परत होतात, कारण विद्यार्थी चिन्हाकडे पाहून सवयीने निर्णय घेतात आणि सवय सोप्या उदाहरणांत बरोबर ठरत असल्याने तिच्यावर संशय येत नाही. खाली आधी लक्षणे दिली आहेत आणि मग तपासण्या. पहिल्या तपासण्यांना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. शेवटच्या तपासण्यांना वेळही लागतो आणि विचारही. वरून खाली त्याच क्रमाने जावे आणि चूक सापडली की थांबावे.

संपूर्ण लेखात मुख्य उदाहरण म्हणून 3x − 2y < 12 ही एकच असमानता घेतली आहे, कारण नेहमीच्या बहुतेक चुका तिच्यात होऊ शकतात.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे छायांकित भाग उत्तरसूचीतील भागाच्या बरोबर विरुद्ध बाजूला असणे. हे सगळ्याच उदाहरणांत होत असेल तर कारण एक असते आणि काही ठराविक उदाहरणांतच होत असेल तर दुसरे. म्हणून वहीतील चुकलेली उदाहरणे एका ओळीत लिहून त्यांच्यात काय समान आहे ते पाहावे. y चा सहगुणक ऋण असलेली उदाहरणेच चुकली असतील तर चौथी तपासणी आधी करावी. रेषा आरंभबिंदूतून जाणारी उदाहरणे चुकली असतील तर दुसऱ्या तपासणीतील आरंभबिंदूविषयीचा भाग वाचावा.

दुसरे लक्षण म्हणजे वहीतील सर्व सीमारेषा सलग असणे. येथे निर्णय चुकलेला नसतो, तो घेतलाच गेलेला नसतो.

तिसरे लक्षण थोडे फसवे आहे. छायांकन योग्य बाजूला असते, परंतु ते रेषा आणि दोन अक्ष यांच्यामधील त्रिकोणापुरतेच केलेले असते. 3x − 2y < 12 या उदाहरणात (0, 0), (4, 0) आणि (0, −6) हे शिरोबिंदू असलेला त्रिकोण रंगवलेला दिसतो आणि उरलेले अर्धप्रतल कोरे राहते.

चौथे लक्षण अनेक असमानतांच्या एकत्रित उदाहरणांत दिसते: प्रत्येक असमानतेचे छायांकन वेगवेगळे पाहिले तर ठीक वाटते, पण सामाईक भाग सापडत नाही, किंवा सापडतो आणि त्याच्या कोपऱ्यांतील कोणते बिंदू उकलीत येतात हे सांगता येत नाही.

पहिली तपासणी: प्रश्न आणि चिन्ह पुन्हा वाचणे

ही तपासणी इतकी साधी आहे की ती वगळली जाते. वहीतील असमानता आणि प्रश्नातील असमानता शेजारी ठेवून चिन्ह तेच आहे का ते पाहावे. चिन्हाखालची छोटी आडवी रेघ उतरवून घेताना सुटली की ≤ चे < होते आणि सीमारेषा सलग असण्याऐवजी तुटक होते. पुढची सगळी आकडेमोड बरोबर असली तरी उत्तर चुकते.

त्यानंतर असमानता कोणत्या दिशेने लिहिली आहे ते पाहावे. 12 > 3x − 2y आणि 3x − 2y < 12 या दोन्ही एकच गोष्ट सांगतात, परंतु पहिलीत ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह दिसल्यामुळे अनेकांचा हात आपोआप वरच्या बाजूला जातो. चल असलेली बाजू डावीकडे आणून असमानता पुन्हा लिहिली की हा गोंधळ निम्मा कमी होतो. बाजूंची अदलाबदल करताना चिन्हाचे तोंडही फिरवावे लागते हे मात्र विसरू नये: 6 ≥ y याचे पुनर्लेखन y ≤ 6 असे होते, y ≥ 6 असे नाही.

शेवटी सूचना वाचावी. काही पाठ्यक्रमांत उकलीचा भाग छायांकित करायचा असतो आणि काहींत नको असलेला भाग छायांकित करून उकलीचा भाग कोरा ठेवायचा असतो. अनेक असमानता एकत्र असताना दुसरी पद्धत सोयीची ठरते, कारण शेवटी जो भाग कोरा उरतो तोच उत्तर असतो. पण प्रश्नात एक पद्धत आणि वहीत दुसरी असेल तर वहीतील प्रत्येक आकृती उलटी दिसते. सगळीच्या सगळी उत्तरे उलटी येत असतील तर गणितात दोष शोधण्याआधी ही सूचना पाहावी. कोणतीही पद्धत वापरली तरी आकृतीजवळ ‘छायांकित भाग ही उकल’ किंवा ‘कोरा भाग ही उकल’ अशी एक ओळ लिहिणे चांगले.

दुसरी तपासणी: दोन्ही बाजूंचा एकेक बिंदू मूळ असमानतेत घालून पाहणे

रंगवलेल्या भागातील, रेषेपासून स्पष्टपणे दूर असलेला एक बिंदू निवडावा आणि त्याचे निर्देशक मूळ असमानतेत घालावेत. येथे मूळ या शब्दावर जोर आहे. y एका बाजूला घेऊन तयार केलेल्या रूपात बिंदू घातला तर ते रूप तयार करताना झालेली चूक लपून राहते आणि तपासणी खोटा दिलासा देते.

आपल्या उदाहरणात (0, 0) घेतला तर 0 < 12 मिळते आणि हे सत्य आहे. म्हणजे ज्या बाजूला आरंभबिंदू आहे ती संपूर्ण बाजू उकलीत आहे. पडताळ्यासाठी दुसऱ्या बाजूचा (6, 0) घ्यावा: 18 < 12, हे असत्य आहे. एका बाजूला सत्य आणि दुसऱ्या बाजूला असत्य मिळाले की बाजूचा प्रश्न संपला. दोन्ही बाजूंना सत्य किंवा दोन्ही बाजूंना असत्य मिळाले तर निवडलेले दोन बिंदू प्रत्यक्षात रेषेच्या एकाच बाजूला आहेत, किंवा रेषाच चुकीच्या जागी काढली आहे. अशा वेळी थेट पाचव्या तपासणीकडे जावे.

एका बिंदूवरून संपूर्ण अर्धप्रतलाचा निर्णय कसा होतो, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात आणि तो विचारायलाच हवा. 3x − 2y या राशीची किंमत कागदावरील प्रत्येक बिंदूला काहीतरी असते आणि एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे सरकताना ती उडी न मारता हळूहळू बदलते. ती 12 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणाहून 12 पेक्षा जास्त असलेल्या ठिकाणी पोहोचायची असेल तर वाटेत कुठेतरी तिला नेमके 12 व्हावेच लागते, आणि नेमके 12 ती फक्त सीमारेषेवर असते. रेषेच्या एकाच बाजूचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी त्यांना जोडणारा रेषाखंड सीमारेषेला छेदत नाही. म्हणून त्या संपूर्ण बाजूला असमानतेचे उत्तर एकच राहते: सगळीकडे सत्य, नाहीतर सगळीकडे असत्य.

त्रिकोणापुरते छायांकन करण्याची चूकही याच विचाराने पकडता येते. कोऱ्या सोडलेल्या भागांतून एकेक बिंदू तपासावा. (−5, 3) घेतला तर −15 − 6 म्हणजे −21 येते, ते 12 पेक्षा कमी आहे. म्हणजे हा बिंदू उकलीत आहे आणि तरीही कोरा राहिला आहे. (2, 5) घेतला तरी 6 − 10 म्हणजे −4 येते आणि तोही उकलीत येतो. अक्ष ही सीमा नसते. x ≥ 0 आणि y ≥ 0 या अटी स्वतंत्रपणे दिल्या असतील तरच छायांकन अक्षांपाशी थांबते. ही सवय बहुधा रेषीय नियोजनाच्या उदाहरणांतून लागते, कारण तेथे या दोन अटी जवळजवळ नेहमीच असतात. एरवी छायांकन आलेख कागदाच्या कडेपर्यंत न्यावे.

आता आरंभबिंदूविषयी. (0, 0) घालणे सर्वांत सोपे असल्याने तोच बिंदू घेण्याची सवय लागते, पण रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर तो काहीच सांगत नाही. y ≤ 2x या असमानतेत तो घातला की 0 ≤ 0, म्हणजे सत्य. आणि y ≥ 2x मध्ये घातला तरी 0 ≥ 0, म्हणजे सत्यच. दोन परस्परविरुद्ध असमानता एकच उत्तर देत आहेत, याचा अर्थ हा बिंदू बाजू ठरवण्यासाठी निरुपयोगी आहे. चिन्ह < किंवा > असेल तर याच कारणाने दोन्हीकडे असत्य मिळते. विद्यार्थी त्या ‘सत्य’वर विश्वास ठेवतो आणि मनाला येईल त्या बाजूला रंगवतो. अशा वेळी अक्षावरील दुसरा बिंदू घ्यावा: (1, 0) घेतला तर y ≤ 2x मध्ये 0 ≤ 2 मिळते, ते सत्य आहे, म्हणून (1, 0) ज्या बाजूला आहे ती बाजू छायांकित करावी. असमानतेत सुटे स्थिरपद नसेल, म्हणजे सगळी पदे x किंवा y यांचीच असतील, तर रेषा आरंभबिंदूतून जाणार हे आधीच ओळखता येते.

तिसरी तपासणी: सीमारेषेवरचा एक बिंदू घालून सलग की तुटक हे ठरवणे

सीमारेषेचे स्वरूप ठरवण्याचा नियम सर्वांना पाठ असतो: चिन्हात बरोबरी असेल तर सलग, नसेल तर तुटक. तरीही चूक होते, कारण हा नियम आणि बाजूचा निर्णय हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे लक्षात राहत नाही. ‘पेक्षा कमी’ म्हणजे तुटक आणि ‘पेक्षा जास्त’ म्हणजे सलग असे समीकरण मनात बसवलेले विद्यार्थीही दिसतात. चिन्हाच्या दिशेचा रेषेच्या स्वरूपाशी काहीही संबंध नाही.

म्हणून नियम आठवण्याऐवजी बिंदू घालून पाहावा. सीमारेषेवरचा कोणताही बिंदू चालतो; आपल्या उदाहरणात (4, 0) सोपा आहे. 3 × 4 − 0 म्हणजे 12, आणि 12 < 12 हे असत्य आहे. रेषेवरचा बिंदू असमानतेचे समाधान करत नाही, म्हणून रेषा तुटक. प्रश्नात 3x − 2y ≤ 12 असते तर 12 ≤ 12 सत्य ठरले असते आणि रेषा सलग काढावी लागली असती. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला 3x − 2y ची किंमत 12 च असल्याने एका बिंदूचे उत्तर संपूर्ण रेषेला लागू होते. तुटक रेषा म्हणजे ‘येथपर्यंत, पण ही रेषा वगळून’ अशी खूण आहे. कडा तर दाखवायची आहे, परंतु तिच्यावरचे बिंदू उकलीत नाहीत, हे एकाच आकृतीत सांगण्याचा तो मार्ग आहे.

काढण्याच्या पद्धतीमुळेही गुण जातात. आधी सलग रेषा काढून मग मधले तुकडे खोडरबराने पुसले तर फिकट खूण उरते आणि तपासणाऱ्याला रेषा सलगच वाटते. पट्टी धरून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा आणि दोन मिलिमीटरची मोकळी जागा असे सुरुवातीपासूनच काढत जावे. बारीक ठिपक्यांची रेषा टाळावी, कारण छायांकनाच्या तिरक्या रेघा तिच्यावर आल्या की ती दिसत नाही. छायांकनही तुटक रेषेपाशी थांबवावे, ते मोकळ्या जागांतून पलीकडे जाऊ देऊ नये.

सीमारेषा अक्षावरच येते तेव्हा वेगळी अडचण होते. x > 0 ची सीमारेषा म्हणजे स्वतः y-अक्ष, आणि तो तर आधीच सलग छापलेला किंवा काढलेला असतो. अशा वेळी अक्षावर वेगळ्या रंगाने ठळक तुटक रेषा काढावी आणि तिच्या शेजारी x = 0 असे लिहून ‘रेषा वगळून’ अशी नोंद करावी. ही नोंद नसेल तर x > 0 आणि x ≥ 0 यांच्या आकृत्या सारख्याच दिसतात.

संगणकावर पडताळा करायचा असेल तर डेसमॉस किंवा जिओजेब्रा यांत असमानता जशीच्या तशी टंकित करावी:

```
3x-2y<12
3x-2y<=12
```

पहिल्या ओळीला तुटक आणि दुसऱ्या ओळीला सलग सीमारेषा येते. परंतु हा पडताळा फक्त टंकित केलेल्या असमानतेचा असतो. चिन्ह उतरवून घेतानाच चुकले असेल तर पडदाही तीच चूक नीटनेटकी काढून दाखवतो.

चौथी तपासणी: ऋण संख्येने भागताना चिन्ह फिरवले का

छायांकन उलट बाजूला जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण येथे असते. बरेच जण असमानता y च्या रूपात मांडतात आणि मग ‘y मोठा म्हणजे रेषेच्या वर, y लहान म्हणजे रेषेच्या खाली’ हा नियम वापरतात. नियम बरोबर आहे, पण तो y एकटा आणि धन सहगुणकासह डाव्या बाजूला असतानाच लागू होतो.

3x − 2y < 12 मधील ‘पेक्षा कमी’ पाहून थेट रेषेखाली रंगवणे ही तीच चूक आहे. योग्य मांडणी अशी होते. दोन्ही बाजूंतून 3x वजा केल्यावर −2y < 12 − 3x मिळते. आता −2 ने भागायचे आहे आणि ऋण संख्येने भागताना चिन्ह फिरते, म्हणून y > 1.5x − 6. उकल रेषेच्या वर आहे. आरंभबिंदू या रेषेच्या वर येतो, म्हणजे दुसऱ्या तपासणीत मिळालेल्या उत्तराशी हे जुळते. x = 6 घेऊन आणखी एकदा पाहता येईल: रेषेवर y = 3 आहे; वरचा (6, 5) घेतला तर 18 − 10 म्हणजे 8 येते, ते 12 पेक्षा कमी आहे; खालचा (6, 1) घेतला तर 18 − 2 म्हणजे 16 येते, ते नाही.

चिन्ह का फिरते हे एकदा समजून घेतले की ते विसरले जात नाही. 2 < 5 हे सत्य आहे. दोन्ही संख्यांना −1 ने गुणले की −2 आणि −5 मिळतात, आणि संख्यारेषेवर −2 हा −5 च्या उजवीकडे आहे, म्हणून −2 > −5. ऋण संख्येने गुणल्यावर किंवा भागल्यावर संख्यारेषा शून्याभोवती उलटी होते आणि डावी-उजवी बाजू बदलते. बेरीज-वजाबाकीत संपूर्ण रेषा नुसती सरकते, क्रम तसाच राहतो, म्हणून तेथे चिन्ह फिरत नाही. उलट चूकही दिसते: 3x वजा करताना ‘ऋण आले’ म्हणून चिन्ह फिरवले जाते. एकाच उदाहरणात या दोन्ही चुका झाल्या तर त्या एकमेकींना झाकतात आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते. म्हणून मधल्या पायऱ्या लिहिणे आवश्यक आहे.

वर-खाली हा नियम उभ्या रेषेला लागूच होत नाही. x > −3 मध्ये y नाही, त्यामुळे ‘रेषेच्या वर’ या शब्दांना अर्थ राहत नाही. तेथे उजवी आणि डावी बाजू पाहावी लागते. ज्यांना हे नियम गोंधळाचे वाटतात त्यांनी ते सोडून द्यावेत आणि दुसऱ्या तपासणीतील बिंदूची पद्धतच कायम वापरावी, असे माझे मत आहे. ती तिरप्या, आडव्या आणि उभ्या अशा सर्व रेषांना सारखीच चालते आणि तिच्यात चिन्ह फिरवण्याचा प्रसंगच येत नाही.

पाचवी तपासणी: रेषाच योग्य जागी आहे का

दोन बिंदूंवरून रेषा काढता येते, पण दोन बिंदूंवरून चूक सापडत नाही; कारण कोणतेही दोन बिंदू एका रेषेत असतातच. तिसरा बिंदू काढावा. 3x − 2y = 12 साठी (4, 0) आणि (0, −6) हे अक्षांवरील छेदनबिंदू आहेत आणि तिसरा (6, 3) घेता येतो, कारण 18 − 6 = 12. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर त्यांतील एक चुकला आहे. बहुतेक वेळा तो y-अक्षावरचा असतो: −2y = 12 वरून y = 6 लिहिले जाते आणि रेषेचा चढ उलटा होतो. दोन्ही अक्षांवरील प्रमाण वेगवेगळे घेतले असेल तर तेही येथेच पाहून घ्यावे.

सहावी तपासणी: अनेक असमानतांचा सामाईक भाग आणि कोपरे

आता 3x − 2y < 12 सोबत x + y ≤ 6, x ≥ 0 आणि y ≥ 0 या अटी घेऊ. येथे प्रत्येक असमानतेचे पूर्ण छायांकन केले तर चार थरांच्या रेघांत काहीच वाचता येत नाही. प्रत्येक सीमारेषेवर योग्य बाजू दाखवणारे दोन-तीन छोटे बाण काढावेत आणि सर्व बाण ज्या भागाकडे निर्देश करतात तेवढाच भाग शेवटी छायांकित करावा. मग त्या भागाच्या आतील एक बिंदू, उदाहरणार्थ (1, 1), चारही असमानतांत घालून पाहावा: 1, म्हणजे 12 पेक्षा कमी, 2, म्हणजे 6 पेक्षा कमी, आणि दोन्ही निर्देशक धन. जी असमानता असत्य ठरेल तिचाच बाण चुकला आहे, त्यामुळे सगळी आकृती पुन्हा काढावी लागत नाही. सामाईक भागच दिसत नसेल तर प्रत्येक रेषेचा बाण याच रीतीने स्वतंत्रपणे तपासावा. सर्व बाण बरोबर असूनही भाग रिकामा असेल तर ‘उकल नाही’ हेच उत्तर असू शकते.

या भागाला चार कोपरे आहेत: (0, 0), (4, 0), (0, 6) आणि दोन तिरप्या रेषांचा छेदनबिंदू. y = 6 − x ही किंमत 3x − 2y = 12 मध्ये घातली की 5x = 24 मिळते, म्हणून तो बिंदू (4.8, 1.2) आहे. यांपैकी (0, 0) आणि (0, 6) उकलीत आहेत. (4, 0) आणि (4.8, 1.2) मात्र नाहीत, कारण ते तुटक रेषेवर आहेत आणि तेथे 12 < 12 असत्य ठरते. कोपऱ्यात भेटणाऱ्या रेषांपैकी एकही तुटक असेल तर तो कोपरा वगळला जातो. दुसरी रेषा सलग असल्याने तो परत उकलीत येत नाही. असे कोपरे पोकळ वर्तुळाने आणि उकलीतील कोपरे भरीव ठिपक्याने दाखवावेत.

या बारकाव्याचा परिणाम पुढे जाणवतो. या भागात x ची सर्वांत मोठी किंमत किती, असे विचारले तर 4.8 हे उत्तर देता येत नाही, कारण तो बिंदू भागात नाही, आणि 4.79 दिले तर 4.795 त्याहून मोठे आहे. x ची किंमत 4.8 च्या हवी तितकी जवळ जाते, पण सर्वांत मोठी अशी किंमत मिळत नाही. रेषीय नियोजनात अटी ≤ आणि ≥ याच चिन्हांनी मांडतात त्यामागे हे कारण आहे. तशा उदाहरणात एखादी तुटक रेषा दिसली तर चिन्ह उतरवून घेण्यात चूक झाल्याची शक्यता मोठी असते.

सातवी तपासणी: शब्दांवरून असमानता बरोबर मांडली का

शाब्दिक उदाहरणांत आलेख निर्दोष असूनही उत्तर चुकते आणि ही चूक सर्वांत उशिरा सापडते, कारण आतापर्यंतच्या सर्व तपासण्या मांडलेली असमानता बरोबर आहे असे धरून चालतात. ‘किमान’ म्हणजे ≥ आणि ‘जास्तीत जास्त’ म्हणजे ≤, एवढे बहुतेकांना येते. अडचण नकारात होते. ‘2x + y ची किंमत 8 पेक्षा जास्त नाही’ या विधानात 8 ही किंमत चालते, म्हणून 2x + y ≤ 8. येथे < लिहिणारे बरेच असतात. नकार दिला की दिशा फिरते आणि बरोबरीही बदलते: > चा नकार ≤ आहे, < नव्हे, आणि ≥ चा नकार < आहे. म्हणजेच नकारामुळे तुटक रेषा सलग होते आणि सलग रेषा तुटक.

दुसरी अडचण तुलनेत होते. ‘x हा y पेक्षा किमान 3 ने मोठा आहे’ यावरून x + 3 ≥ y असे लिहिले जाते, कारण वाक्यात x आधी येतो आणि 3 ची बेरीज त्याच्याच जवळ केली जाते. तीन जोड्या घालून पाहाव्यात: वाक्यानुसार नक्की चालणारी, नक्की न चालणारी आणि बरोबर सीमेवरची. x = 10, y = 5 चालते; x = 7, y = 5 चालत नाही, कारण फरक दोनच आहे; x = 8, y = 5 सीमेवर आहे आणि ‘किमान’ म्हटल्यामुळे चालते. चुकीची मांडणी x + 3 ≥ y दुसऱ्या जोडीला, म्हणजे 10 ≥ 5 ला, सत्य ठरवते आणि तेथेच पकडली जाते. x ≥ y + 3 ही मांडणी तिन्ही जोड्यांना योग्य उत्तर देते, आणि तिसरी जोडी सत्य ठरत असल्याने रेषा सलग हेही ठरून जाते.

कोठे थांबावे आणि कोणाला विचारावे

असमानतेत x², xy, |x| किंवा छेदस्थानी चल दिसले तर वरील तपासण्या जशाच्या तशा वापरू नयेत. y/x > 2 ही त्यातली फसवी आहे. x ने गुणून y > 2x लिहिण्याचा मोह होतो, पण x ऋण असेल तर चिन्ह फिरते आणि x = 0 असेल तर डावी बाजू अर्थहीन होते. त्यामुळे y-अक्षाच्या उजवीकडे रेषेच्या वरचा आणि डावीकडे रेषेच्या खालचा भाग मिळतो, आणि एक बिंदू घालून निर्णय करता येत नाही. हा प्रकार पाठ्यक्रमात शिकवला गेला नसेल तर अंदाजाने रंगवू नये, शिक्षकांकडून समजून घ्यावा.

पहिल्या तीन तपासण्या बरोबर येऊनही आकृती उत्तरसूचीशी जुळत नसेल तर आकृती बदलू नये. दोन आकृत्यांचे मतभेद ज्या भागात आहेत त्या भागातील एक बिंदू घ्यावा, त्याचे निर्देशक छापील असमानतेत घालून ती आकडेमोड लिहावी आणि तो कागद शिक्षकांना दाखवावा. उत्तरसूचीतही चुका असतात, आणि अशा एका बिंदूने कोणती आकृती चुकली आहे याचा निकाल लागतो.

तीन चले असतील तर सीमा रेषेऐवजी प्रतल होते आणि कागदावरचे छायांकन भरवशाचे राहत नाही. त्याहून अधिक चले असतील तर आकृतीच काढता येत नाही. अशा उदाहरणांसाठी जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत आणि तिच्यावर आधारलेली संगणकीय साधने आहेत. उत्पादन, वाहतूक किंवा मनुष्यबळ यांच्या खऱ्या नियोजनासाठी असमानता मांडायच्या असतील, तर दोन चलांच्या पुढे गेल्यावर आलेख कागद बाजूला ठेवून क्रियात्मक संशोधन जाणणाऱ्या व्यक्तीकडे जावे, आणि जाताना सातव्या तपासणीतल्याप्रमाणे प्रत्येक अटीसाठी चालणारे, न चालणारे आणि सीमेवरचे असे एकेक उदाहरण लिहून न्यावे.